तानुबाईनं सोडलेलं काम

डोणगावात आडवं मूल फिरवावं ते तानुबाई सुईणीनंच. पोटावर तेल लावायची, तळवे टेकवायची अन् आतल्या पोराशीच बोलायची, "काऊन बे, बापासारखा आडवा पडला का?" गर्भार बाई हसायची, अंग ढिलं सोडायची, डोकं हळूहळू खाली यायचं.

रुख्मिणीची पोर तिनं अशीच नवव्या महिन्यात फिरवली. जन्मल्यावर काही महिन्यांत पोरीचे ओठ जांभळे दिसू लागले. चालू लागली तर चार पावलांत धाप लागे, मग उकिडवी बसे. रुख्मिणीची सासू अन्नपूर्णाबाई पाणवठ्यावर बोलली, "हिनं पोरीसंगं तिचं काळीजबी पलटवलं." तानुबाई तोंडाची फटकळ, पण तेव्हा भांडली नाही. तिला ते पटलंच. त्या दिवसापासून तिनं मूल फिरवणं सोडलं.

बासष्टच्या उन्हाळ्यात पोर दोन वर्षांची झाली. रुख्मिणीसोबत तानुबाई तिला घेऊन मेहकरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. "जन्मतःच हृदयात दोष आहे," ते म्हणाले.

"साहेब, म्या हिले नवव्या महिन्यात फिरवलं. त्यानंच झालं ना?"

डॉक्टरांनी गळ्यातली रबरी नळी काढून हातात धरली. "हृदय आधी असं सरळ नळीसारखं असतं. वाढतं तसं आपोआप उजवीकडं वळतं, वेटोळं घेतं. मग आत भिंती येतात, खोल्या होतात. बाहेर पडणाऱ्या मोठ्या वाटेतही भिंत येते. एक वाट फुप्फुसाला, दुसरी अंगाला. हिची ती भिंत सरकली. फुप्फुसाची वाट अरुंद राहिली, खालच्या दोन खोल्यांमधलं भोक बुजलं नाही. अशुद्ध रक्त तसंच अंगात शिरतं, म्हणून निळी पडते. उकिडवी बसली तर बसू द्या, तिला बरं वाटतं त्यानं."

"पण हे होते कव्हा?"

"पहिल्या दोन महिन्यांत. बाईची दुसरी पाळी चुकते तोवर भिंती बांधणं चालू असतं. तुम्ही हात लावला त्याच्या सहा महिने आधीच सगळं होऊन गेलं होतं. तुमचा दोष नाही, बाई. मुंबईसाठी चिठ्ठी देतो. ऑपरेशन होतं तिथं, पण भरवसा देत नाही."

रुख्मिणीनं तानुबाईचा दंड धरला. "मावशी, आयकलं ना? तुहा दोष नाही."

तानुबाईचं तिकडं ध्यान नव्हतं. मागल्या महिन्यात कचरू दारात आला होता. त्याच्या बायकोचं, कौशल्याबाईचं मूल आडवं होतं, कळा सुरू झाल्या नव्हत्या, फिरवायला वेळ होता. तानुबाईनं हात पदराखाली घेतले. "माहे हात वाईट हायेत बाबा, मेहकरले ने." कळा लागल्यावर कचरूनं बैलगाडी जुंपली. दवाखाना यायच्या आत माय अन् पोटातलं लेकरू दोघं गेली.

डोणगावात एसटीतून उतरून ती घरी न जाता कचरूच्या अंगणात गेली. तो बैलाला पेंडी टाकत होता.

"कचरू, माहे हात चांगलेच होते रे. डाक्टर म्हणे."

कचरूनं पेंडी खाली ठेवली.

"मंग काऊन नाही लावले?"

तानुबाईनं हात पुन्हा पदराखाली घेतले.