सोबतचा तिसरा कागद

मधल्या सुट्टीत वाचनालयाचा शिपाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी मुलींना पाणी पाजत होते. तो कधी शाळेत येत नसे, म्हणून मी घागर खाली ठेवली आणि पुढे गेले.

"बाई, ही चिठ्ठी," तो म्हणाला. "सायबांनी टेबलावर ठेवायला सांगितली होती, सेक्रेटरींसाठी. म्या नाय ठेवली."

'सायब' म्हणजे माझे यजमान. गावातल्या एका वाचनालयात ते ग्रंथपाल होते. आमचे लग्न झाले तेव्हाही तेथेच होते आणि त्यांना दुसरे काही करायचेही नव्हते. चिठ्ठी कुठल्याशा बिलाच्या पाठीवर लिहिली होती. मजकूर एवढाच: "उद्यापासून मी येणार नाही. किल्ल्या शिपायाजवळ आहेत. झाले त्याची माफी असावी." खाली सही.

मी पहिल्यांदा काय पाहिले हे सांगायला आज जड जाते. तारीख नाही, हे पाहिले. कोणाला लिहिली ते नाही. 'उद्यापासून' म्हणजे कुठल्या दिवसापासून, हे कोणी कसे ठरवायचे? ओळी उतरत उतरत कागदाच्या कडेला गेल्या होत्या आणि सही शेवटच्या ओळीवर चढली होती, तेही पाहिले. पण घाईने लिहिले असेल म्हणून सोडून दिले. शाळेतल्या मुलीने असा अर्ज आणला असता तर मी परत लिहायला लावला असता.

"कुठे आहेत ते?"

"नदीच्या घाटावर बसलेत. जेवले नाय."

"चिठ्ठी मला दिलीस हे बरं केलंस. त्यांना सांग, संध्याकाळी घरी या, आपण नीट लिहू."

त्याने मान डोलावली, पण हलला नाही. "बाई, त्यांनी पुस्तकं इकली नायत. लोक काय बी बोलतात."

लोक बोलत होते हे खरे. पुस्तकमोजणी झाली तेव्हा बरीच पुस्तके जागेवर सापडली नव्हती, आणि नोंदवहीत एकावर एक लिहून काही नोंदी वाचता येईनाशा झाल्या होत्या. सेक्रेटरी हे गावातले वकील. त्यांनी वाचकांच्या देखत विचारले होते, "पुस्तकांना पाय फुटले का हो?" भद्रकालीच्या बाजारातल्या रद्दीवाल्याचे नाव निघाले होते. समितीची बैठक शनिवारी होती आणि तोवर खुलासा द्यायचा होता. अशा वेळी 'झाले त्याची माफी असावी' हे वाक्य लेखी देणे म्हणजे काय, ते मला फाटकातच कळले. काय झाले ते लिहिलेले नाही. तेव्हा माफी कशाचीही. ज्याला जे वाटेल ते त्याने त्या माफीखाली घालावे.

संध्याकाळी ते आले. मी देवापाशी दिवा लावला, कंदील पुसून ठेवला, पाट मांडला, कोरे कागद काढले. माझी पद्धत अशी की आधी मुद्दे लिहून काढायचे. कोणाला, विषय, तारीख, जागा सोडण्याचा दिवस, कारण, चार्ज कोणाकडे, सोबत काय. एकेक विचारायचे आणि पुढे खूण करायची.

"ती चिठ्ठी फाडून टाक," ते म्हणाले.

"फाडते. आधी हे सांगा, एक महिन्याची आगाऊ सूचना द्यायची असते ना तुमच्याकडे?"

"असते."

"मग उद्यापासून कसं येणार नाही? न येणाऱ्याला राजीनामा दिला असं म्हणत नाहीत, पळाला म्हणतात."

मी लिहून वाचून दाखवले: "मे. सेक्रेटरीसाहेब यांचे सेवेशी. विषय: ग्रंथपालाच्या जागेचा राजीनामा. विनंती विशेष, मी सदरहू जागेचा राजीनामा देत असून, आजच्या तारखेपासून एक महिना पुरा होईल त्या दिवशी, अगर समिती त्याआधी मोकळे करील त्या दिवशी, मला कामातून मुक्त करावे."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "शाळेतल्या तपासनिसाला लिहिल्यासारखं."

"कारण?"

"लिही काहीतरी. घरगुती अडचण."

"घरगुती अडचण लिहिली तर लोक म्हणतील, अडचण होती म्हणूनच पुस्तकं विकली. दुसरं सांगा."

मग कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. पुढे म्हणजे माझ्या डाव्या हाताला, जिथे मी नव्हते. मी हात लांब करून तो घेतला. इंग्रजीत होता, डॉक्टरांचा. मला इंग्रजी अडखळत येते, तरी समजले. दोन्ही डोळ्यांची नजर जात चालली होती. शस्त्रक्रियेने सुधारण्यासारखी नव्हती. कागदावरची तारीख गेल्या दिवाळीच्या आधीची होती.

"पुस्तकं मी हाताने चाचपून लावत होतो," ते म्हणाले. "पाठीवरचे आकडे दिसत नाहीत. जिथे जागा लागेल तिथे ठेवत गेलो. वहीत लिहितो ते कुठल्या ओळीवर जातं ते मला कळत नाही. विकली असती तर निदान कुठे आहेत ते सांगता आलं असतं."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

मला तेव्हा वाणसामान आठवले. मी याद्या करते. घरात काय संपले, काय आणायचे, कोणी आणायचे. गेले काही महिने ते यादी घेऊन जायचे आणि भलतेच काही आणायचे. मुगाच्या जागी उडीद, दोनदा मीठ. मी यादी मोठ्या अक्षरात लिहायला लागले, ती त्यांच्या डोळ्यांसाठी नव्हे. रागाने, पोराला लिहून द्यावी तशी. शेजारणींना मी हे गंमत म्हणून सांगत असे. "पुस्तकांत बुडालेला माणूस, त्याला मूग काय आणि उडीद काय." सगळ्या हसायच्या, आणि ते ओटीवर बसून ऐकायचे.

"मग यादी कशी वाचत होता?" मी विचारले.

"वाण्याला द्यायचो. गर्दी असली की तो म्हणायचा, तुम्हीच सांगा मास्तर. मग आठवेल ते सांगायचो."

ज्या घरात प्रत्येक डब्यात किती आहे ते मला ठाऊक असते, त्या घरात माझ्यासमोर जेवणारा माणूस ताटातली वाटी हाताने शोधतो हे मला दिसले नव्हते. मी खाली पाहून लेखणी पुसत राहिले. ती कोरडीच होती.

"कारण लिहिते," मी म्हणाले. "प्रकृती. आणि हा दाखला सोबत जोडते."

"तो नाही."

"त्याशिवाय प्रकृती म्हणजे बहाणा."

"असू दे. चोर म्हणाले तर म्हणू देत. चोराशी लोक भांडतात तरी. आंधळ्याशी फक्त हळू बोलतात."

मला जे येते ते मी केले. पुढचा मुद्दा घेतला. चार्ज शिपायाच्या साक्षीने द्यायचा, शेल्फांची पुन्हा मोजणी व्हावी अशी विनंती करायची, ती मोजणी दुसऱ्या कोणाकडून व्हावी. हे सगळे त्यांनी नीट सांगितले, माझ्यापेक्षा नीट. शेवटी डाव्या बाजूला खाली लिहायला घेतले आणि मोठ्याने म्हटले, "सोबत. एक, किल्ल्यांची यादी. दोन, वाचकांकडे असलेल्या पुस्तकांची यादी." आणि थांबले. मुद्दाम थांबले असे नाही. पुढे काय म्हणावे ते मला कळत नव्हते.

"तीन," ते म्हणाले. "वैद्यकीय दाखला. लिही. मी बघणार नाही." मग जरा वेळाने, "तसंही."

पत्र कोऱ्या कागदावर उतरवून मी सहीच्या जागी त्यांचे बोट ठेवले. सही सरळ आली. त्यानंतर त्यांनी मला पत्र पुन्हा वाचायला सांगितले, आणि पुन्हा. मला वाटले, शब्द तपासताहेत. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलताना दिसले तेव्हा कळले. समितीच्या बैठकीत आलेली पत्रे ग्रंथपालाने उभे राहून वाचून दाखवायची, असा तिथला रिवाज होता. त्यांचे स्वतःचे पत्रही त्यांनाच वाचावे लागणार होते. हे माझ्या मुद्द्यांत नव्हते.

"आपण सेक्रेटरींना आधी सांगू," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणी वाचावं."

"नको. शेवटचं काम आहे. वाच."

शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. बैठक आतल्या खोलीत, मी बाहेर वर्तमानपत्रांच्या मेजापाशी. शिपायाने मला बाक आणून दिला आणि दार पुरते लावले नाही. आधीची दोन पत्रे कोणाची वर्गणी माफ करावी, कोणाला नवे मासिक हवे, अशी होती. ती सेक्रेटरींनी स्वतःच पटापट सांगून टाकली. मग ते म्हणाले, "हे तुमचंच दिसतं. वाचा."

यजमानांनी वाचले. विषय, तारीख, सगळे. आवाज नेहमीचा होता, किंचित मोठा. 'सोबत' पाशी ते थांबले नाहीत. एक, दोन, तीन, तिन्ही म्हणाले आणि कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वैद्यकीय दाखला कसला?" सेक्रेटरी म्हणाले. "तोही वाचा. बघू, काय बहाणा आहे."

दाखला आम्ही पाठ केला नव्हता. तो इंग्रजी होता, आणि त्याला कोणी हात लावील असे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आत कागद सरकवल्याचा आवाज झाला. मी बाकावरून उठले, पण बाईने त्या खोलीत जायचे नसते, म्हणून उभीच राहिले.

"मला हा वाचता येत नाही, साहेब," ते म्हणाले. "मघाचाही येत नव्हता. तो तोंडपाठ होता."

मग सेक्रेटरींनी दाखला स्वतः वाचला, मोठ्याने सुरुवात केली आणि मध्यावर आवाज उतरला. त्यानंतर ते सगळेच हळू बोलू लागले. कोणीतरी खुर्ची पुढे केली. "बसा, बसा, उभे कशाला." राजीनामा मंजूर झाला, मोजणी पुन्हा करायचे ठरले, चांगल्या नोकरीचा दाखला द्यायचे ठरले. मोजणीत पुढे बहुतेक पुस्तके सापडली, कथांमध्ये वैद्यकाची आणि वैद्यकात प्रवासवर्णनाची. काही सापडली नाहीत, पण त्याबद्दल कोणी बोलले नाही.

बाहेर येताना सेक्रेटरी माझ्यापाशी थांबले. नजर माझ्या पायांकडे ठेवून म्हणाले, "पत्राचा मसुदा उत्तम होता, बाई." मी मान खाली घातली. दोघांनाही एकमेकांकडे पाहायचे नव्हते.

दिवेलागण झाली होती. पायऱ्यांशी येऊन ते थांबले. आजवर ते या पायऱ्या भराभर उतरत आणि मी मागून येत असे. आता लपवायचे काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि माझा दंड धरला. रविवार कारंजाच्या वाटेवर, भर बाजारात, बायकोचा दंड धरून चालणारा पुरुष मी कधी पाहिला नव्हता. ओळखीच्या दोन बायका समोरून आल्या आणि बघत राहिल्या. मी पदर पुढे ओढला.

त्यांना पदर दिसला नसणार. पण त्यांच्या हाताखाली माझा दंड आखडला, ते त्यांना कळले. त्यांनी हात सोडला नाही. पकड तेवढी सैल केली आणि चालत राहिले.