फिरवलेलं कोडं

बाबांना मेंदूचा झटका आल्यानंतरचे महिने मी कशी वागले ते मला सांगता येईल, मला काय वाटलं ते नाही. कारण काहीच वाटत नव्हतं. शनिवारी पेणहून, रामवाडीच्या घरून निघायचं, रोह्याला आईबाबांकडे जायचं, रविवारी परत. मुलांच्या सरावपत्रिकांसाठी शब्दशोध कोडी तयार करणारा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं घरबसल्याचं काम. तेही चालूच होतं.

बाबा बोलत होते, चालत होते. फक्त डावी बाजू त्यांच्या लक्षातच यायची नाही. डोळे शाबूत, पण मेंदू तिकडे बघायचं विसरलेला, असं डॉक्टरांनी समजावलं आणि स्कूटर बंद केली. बाबांना मात्र पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात जायचं होतं, तेही स्वतः चालवत. किल्ली ते खिशातच ठेवत. आईनं मागितली की घर डोक्यावर घेत.

सरावाला कोडी द्या, असं थेरपीवाल्या बाईंनी सुचवलं. मी दुकानातलेच शब्द घेतले: हातोडा, करवत, बिजागरी, कानस, पटाशी, असे बारा. जाळी सात बाय सात. एका घरात एक अख्खं अक्षर, काना-मात्रेसकट. प्रोग्रॅम आधी लांब शब्द घेतो. आडवा, उभा, तिरपा, उलटा, अशा आठही दिशांत तो कुठे बसतो ते बघतो. घर रिकामं हवं, नाहीतर तिथे तेच अक्षर आधीपासून हवं. एखादा शब्द कुठेच बसेना, तर मागचा उचलायचा, त्याला दुसरी जागा द्यायची आणि पुन्हा पुढे. उरलेल्या घरांत भरतीची अक्षरं. तीही मी त्याच शब्दांतली घेते, नाहीतर एखादं परकं अक्षर लग्नात आलेल्या आगंतुकासारखं लगेच ओळखू येतं.

पहिल्याच कोड्यात बाबांनी मला पकडलं. "करवतीत व नाय. व च्या जागी भलतंच बसवलंयस."

खरंच होतं. माझा प्रोग्रॅम शब्द उचलताना त्याची सगळी घरं पुसत होता. दोन शब्द एकाच अक्षरावर छेदत असले तर दुसऱ्याचंही अक्षर जायचं आणि त्या भोकात भरती पडायची. बाबा आठवडाभर येईल त्याला सांगत होते, पोरीच्या कॉम्प्युटरची चोरी मी धरली. मी दुरुस्ती केली. प्रत्येक घरावर किती शब्द उभे आहेत ते मोजायचं, शेवटचा उठल्यावरच घर पुसायचं. वर, जाळी भरून झाली की प्रत्येक शब्द त्याच्या जागी पुन्हा वाचून बघायचा. आता चूक राहणं शक्य नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाबांनी पैज लावली. "सगळे सापडले तर सोमवारी स्कूटर काढणार. मग कोणी काय बोलायचं नाय."

आठ सापडले. बाबांनी पेन्सिल ठेवली. "चार गाळलेस. मागल्या वेळेसारखंच. तुझी मशीन खोटी हाय गो."

मी उत्तराचा कागद पाहिला. चारही शब्द होते, डावीकडच्या तीन उभ्या रांगांत. मशीन खरी होती. मला त्या क्षणी ती खोटी असायला हवी होती, इतकंच जाणवलं. बाकी सुन्नच.

आईनं जेवायला वाढलं. बाबांनी ताटातलं उजवीकडचं संपवलं आणि हात धुवायला उठले. आई रोजच्यासारखी म्हणाली, "थांबा हो," आणि ताट अर्धं फिरवलं. डावीकडे राहिलेला भात, वाल उजवीकडे आले. बाबा खाली बसून जेवले.

मी लॅपटॉप उघडला. तीच जाळी, तीच अक्षरं, फक्त ताटासारखी अर्धी फिरवलेली: पहिलं घर शेवटी आणि शेवटचं पहिलं. अक्षरं सरळच ठेवली. आठ दिशांतली प्रत्येक दिशा उलटली तरी ती आठांतलीच राहते, त्यामुळे एकही शब्द मोडत नाही. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद काढून आणला.

मघाशी न मिळालेली कानस बाबांना चटकन मिळाली. पटाशीही. उरलेले दोनही. मग त्यांनी हातोडा शोधायला घेतला. मघाच्या कागदावर त्यांनीच त्याला गोल केला होता.

"मगाशी हातोडा होता."

"आत्ताही आहे, बाबा."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिले. पुन्हा मशीनला खोटी म्हणतील, याची मी वाट पाहत होते.

"कुठं हाय?"

मी डावीकडे बोट ठेवलं. त्यांनी मान वळवली, आणखी वळवली, आणि मग अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचली. आई दारात उभी होती.

बाबांनी खिशातून किल्ली काढून कागदावर ठेवली.

"पुलावर डाव्या अंगाला माणसं चालतात गो," ते म्हणाले.