सहा टाक्यांची खोली

खामगावच्या वसतिगृहात गॅस येणार म्हटल्यावर पुंजाजी फिटरने नकाशा काढला, आणि तो मन लावून काढला. गॅस एजन्सीत सात वर्षं काढलेला माणूस, पण असं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

स्वयंपाकघरापासून सुटी खोली. मोरी आणि चूल दोन्हींपासून दहा फूट लांब. दार बाहेर उघडणारं, खोलीत विजेचं बटण नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून भिंतीत तळाशी जाळ्या. शेगड्यांना तासाला तीन किलो गॅस लागणार. थंडीत एक टाकी तासाला जेमतेम अर्धा किलो देते. म्हणून सहा चालू, सहा राखीव.

"बारा टाक्या?" सेक्रेटरी भगवंतराव हसले. "लग्न लावता का टाक्यांचं? तीन चालू, तीन राखीव. भरलेल्या टाकीतून गॅस कमी कसा पडंल?"

"साहेब, आत पातळ असते. त्याची वाफ व्हायले हवेतली ऊब लागते. लई ओढलं का टाकी गारठते, जाळ बसते."

भगवंतरावांना उद्घाटनाची घाई होती. टाक्या सहाच बसल्या, खोली स्वयंपाकघराच्या भिंतीलाच टेकली. साप शिरतील म्हणून जाळ्याही विटांनी बुजवल्या. पुंजाजीने दोनदा तोंड उघडलं, तिसऱ्यांदा नोकरी आठवली, आणि काम नियमाप्रमाणे झाल्याच्या कागदावर त्याने मुकाट सही केली. भित्रा कुठला!

जानेवारीत पहाटे टाक्यांवर पांढरं बर्फ धरलं, जाळ बसला. दीडशे पोरं उपाशी शाळेत जातील म्हणून स्वयंपाकीण जनकाबाईचा जीव खालीवर झाला. थिजलेलं तूप ती निखाऱ्याजवळ ठेवून पातळ करायची. तिने तेच केलं, निखाऱ्यांची शेगडी उचलून टाक्यांच्या खोलीत नेली. आत एका जोडाचा वॉशर झिजून गॅस झिरपत होता, आणि बुजलेल्या जाळ्यांमुळे तळाशी कोंडून राहिला होता. दारातच भडका झाला. पोरं वाचली. जनकाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले.

चौकशी दवाखान्यात, तिच्या खाटेपाशीच झाली. चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं, "शेगडी आत नेऊ नये, हे बाईला सांगितलं होतं?"

भगवंतराव पुंजाजीकडे बघत राहिले. पुंजाजीने तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. कागद करून तो जो गेला, तो आज उगवला होता. नाही म्हटलं, तर जाळ्यांचं निघालं असतं, टाक्यांचं निघालं असतं, मग त्याच्या सहीचंही निघालं असतं.

"सांगतलं होतं," तो म्हणाला.

लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. स्वयंपाकिणीचा निष्काळजीपणा.

जनकाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याने तो सोसला असता.

"हाव साहेब," ती म्हणाली, "भाऊनं सांगतलंच असंल. मीच इसरली."