आधी रोख, मग चेक

उद्धव गुरव यांना हिंगोलीच्या हळद खरेदी-विक्री संस्थेत लागून बारा वर्षं झाली होती, आणि त्यातलं एकही वर्ष मेळ न बसता गेलं नव्हतं. वडील डोंगरकड्याच्या देवळात पूजा करायचे. उद्धवरावांनी ब्याण्णव साली देवाची घंटा सोडून संस्थेची खतावणी धरली. मेळाचं वेड घरातही त्यांच्यासोबत यायचं. त्यांच्या बायको अनुसूयाबाई म्हणायच्या, "ह्यांचं जेवण झालं तरी ताटातल्या भाताचा मेळ घालून राहिलेत."

महिना संपला की बँकेतून छापील उतारा यायचा. उद्धवराव एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला खतावणी मांडून बसायचे आणि लाल पेन्सिलीनं दोन्हीकडे टिंब द्यायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, आकड्याला आकडा लावायचा, त्यात काय मोठं! पण आकडे कुठं सारखे असायचे? लांबचा चेक वसुलीला टाकला की बँक दहा-पंधरा दिवसांनी जमा करणार, वर कमिशन आणि टपाल कापून. म्हणजे इकडं तीन तारखेला चोवीस हजार, तिकडं सोळा तारखेला तेवीस हजार नऊशे चौदा. बँकेच्या ओळीत चेकचा नंबरही नसायचा, तिचा स्वतःचा बिल नंबर असायचा. हे दोघे एकच आहेत, हे ओळखायला नजर लागते. ती त्यांच्याजवळ होती आणि ती आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. थोडा तोरा होता माणसाला, उगाच झाकायचं कशाला.

समोरच्या टेबलावर रोखपाल देविदास राठोड. वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा. खत-बियाण्याच्या विक्रीची रोकड गोळा करून बँकेत भरणं हे त्याचं काम. बारा वर्षांत दोघांनी एकमेकांकडून कधी सही मागितली नाही. "भरलं," देविदास म्हणायचा. "बरं," उद्धवराव म्हणायचे आणि लिहायचे. दुपारी एकाच डब्यात दोघांचे हात.

दोन हजार चारच्या सुरुवातीला संस्थेत कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यासोबत संगिता आडे आली. कळमनुरीत कोर्स केलेली, हुशार, कमी बोलणारी. बँक आता उतारा फ्लॉपीवर द्यायला लागली होती. संगिता त्यातल्या ओळी काढून घ्यायची. पण दर पानाच्या शेवटी ओळी तुटायच्या आणि तपशिलाचा रकाना वेडावाकडा यायचा. तिनं तो काढून टाकला. तारीख आणि रक्कम ठेवली.

"काका, तुमी मेळ कसा लावता ते सांगा, म्हणजे मी तसंच बसवते," तिनं विचारलं.

उद्धवरावांना गुदगुल्या झाल्या. त्यांनी खुर्ची मागं सारून सांगितलं, "रकमेत शंभर रुपयापत्तूर फरक चालतो. तारखेत पंधरा दिवस. एवढ्यात बसलं की ते एकच समज."

"अजून काही?"

"अजून काय असतंय?" ते म्हणाले.

संगितानं तसंच बसवलं. खतावणीतली नोंद तारखेप्रमाणे घ्यायची, बँकेच्या ओळींत शंभर रुपये आणि पंधरा दिवसांच्या आत जी पहिली सापडेल ती तिला लावायची, आणि पुढं जायचं. जे लागलं ते बाजूला पडायचं. जे उरलं त्याचा कागद निघायचा. आठ दिवसांचं काम सकाळी सुरू होऊन चहाच्या आत संपायचं. उद्धवरावांनी लाल पेन्सील कानावरून काढून खणात ठेवली. लागलेल्या ओळी बघायची गरजच उरली नव्हती.

मार्चअखेरचा मेळ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघाला. उरलेल्यांच्या कागदावर एकच ठळक ओळ होती. बारा मार्च, रोख भरणा, चोवीस हजार चारशे पन्नास. खतावणीत आहे, बँकेत नाही. भरणा करणारा: देविदास राठोड.

चेक वाटेत अडकतो, रोकड अडकत नाही. ती त्याच दिवशी जमा होते किंवा होतच नाही. हे संस्थेतल्या शिपायालाही कळत होतं. सचिवांनी देविदासला बोलावून भरणा स्लिपचा बँकेचा शिक्का असलेला तुकडा मागितला. भरणापुस्तक बारा मार्चला संपलं होतं, म्हणून त्यानं सुटी स्लिप भरली होती, आणि तिचा अर्धा तुकडा मार्चच्या आवराआवरीत कुठंतरी गेला होता. बँकेत गेले तर बँकेचीही वर्षअखेर, "पुढच्या आठवड्यात पाहू" म्हणाले. चेअरमनना तेवढा दम नव्हता. शनिवारी बैठक, देविदासनं पैसे भरावेत, नाहीतर निलंबन आणि पोलिसात तक्रार, असं ठरलं.

"उद्धवभाऊ, म्या भरलेत," देविदास म्हणाला. त्या दिवशी डबा उघडलाच नाही. "तुमाला तरी ठाऊक हाये ना?"

उद्धवरावांनी कागदाकडे पाहिलं. बारा वर्षांचा माणूस एकीकडे आणि त्यांनी स्वतः सांगितलेला मेळ एकीकडे. "कॉम्प्युटर काहून चुकीचं दाखवंल?" ते म्हणाले, आणि म्हणताक्षणी आपण हलकं बोललो हे त्यांना कळलं. देविदास तसाच उठून गेला.

शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांनी तो कागद चार वेळा उलटसुलट करून पाहिला. देविदास चोर असता तर गेल्या बारा वर्षांत एकदा तरी बोट बरबटलं असतं. शेवटी ते संगिताच्या टेबलापाशी गेले. "पोरी, उरलेलं नगं. लागलेलं छाप. मार्चचं सगळं."

अकरा पानं निघाली. त्यांनी खणातून लाल पेन्सील काढली आणि जुन्या पद्धतीनं बसले. संगिता शेजारी उभी राहिली. पहिल्या दोन पानांवर पेन्सील सरळ गेली. लांबच्या चेकांना बँकेनं हजारामागे तीन-साडेतीन रुपये कापले होते, तारखा दहा-पंधरा दिवस पुढं. सगळं ओळखीचं. तिसऱ्या पानावर ती थांबली. खतावणीत तीन मार्च, सांगलीकडच्या व्यापाऱ्याचा चेक, चोवीस हजार पाचशे. त्याला लागलेली बँकेची ओळ: बारा मार्च, चोवीस हजार चारशे पन्नास.

"कमिशन पन्नास?" ते पुटपुटले. "एवढ्या रकमेला ऐंशीच्या वर जातंय. अन् गोल आकडा? बँक कधी गोल आकडा कापत न्हाई."

"शंभरच्या आत हाये, काका. तारीखबी आत हाये," संगिता म्हणाली.

"तुझ्याकडचा मूळ उतारा काढ. तपशिलासकट."

फ्लॉपीवरची तुटकी ओळ तिनं जोडून दाखवली. बारा मार्चच्या त्या ओळीत तपशील होता: रोख.

म्हणजे ती देविदासची रोकड होती. बँकेत त्याच दिवशी, पैशाला पैसा, पोचलेली. चेकची नोंद रांगेत आधी होती, म्हणून तिनं ती ओळ उचलली, आणि देविदासचा भरणा आला तेव्हा त्याला लावायला काही उरलंच नव्हतं.

"माझं चुकलं का?" संगितानं विचारलं.

"न्हाई," उद्धवराव म्हणाले. "तू मला इच्चारलं होतंस, अजून काही का म्हणून." बारा वर्षं ते आधी रोख भरणे लावत आले होते, तपशील बघून, तारखेला तारीख, रुपयाला रुपया. ते संपल्यावरच चेकांना हात. पण हे आपण करतो हेच त्यांना माहीत नव्हतं. श्वास कसा घेता असं विचारल्यावर कोण सांगतो? त्यांनी शंभर आणि पंधरा सांगितलं आणि जे खरं काम होतं ते सांगायचं राहिलं.

पण गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. रोकड सापडली, मग चेक कुठं गेला?

हा प्रश्न संगितानं विचारायच्या आधीच उद्धवरावांचे कान तापले. चेक त्यांच्या खणात होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा. एकोणतीस मार्चला तो न वटता टपालानं परत आला होता, बँकेच्या चिठ्ठीसकट. व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं, "महिन्याभरात डीडी पाठवतो." मार्चअखेरीला उलटी नोंद टाकली असती तर येणं वाढलेलं दिसलं असतं आणि चेअरमन तडकले असते. म्हणून त्यांनी ती चिठ्ठी खणाच्या तळाच्या कागदाखाली सारली. उरलेल्यांच्या कागदावर चेक दिसला असता तर आठवण झाली असती. तो दिसलाच नाही, आणि त्यांनाही बरंच वाटलं.

आता दोन वाटा होत्या. चेक टपालात अडकलाय असं म्हणता आलं असतं. देविदास सुटला असता आणि चिठ्ठी खणातच राहिली असती. ही वाट त्यांना दिसली नाही असं म्हणणं खोटं होईल. घरी जाईपर्यंत ते तीच वाट चालत होते. अनुसूयाबाईंनी वाढलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यानं त्याची स्लिप हरवली म्हून त्याला चोर केलं. तुमी तर चिठ्ठी जवळ ठिवून बी लपवली."

शनिवारी बैठकीत त्यांनी अकरा पानं टेबलावर ठेवली, तिसऱ्या पानावरची ओळ दाखवली, रोखीचा तपशील दाखवला. आणि खिशातून चेक आणि चिठ्ठी काढून त्यावर ठेवली. चेअरमननी बराच वेळ चिठ्ठीवरची तारीख वाचली. देविदासची नोकरी राहिली. उद्धवरावांची दोन वर्षांची वेतनवाढ बंद झाली आणि शेरा फाईलला लागला.

सोमवारी संगितानं नियम बदलला. तपशील परत आला. आधी रोख, त्याच तारखेला, पूर्ण रकमेला. मग चेक. कमिशनचा आकडा नेहमीपेक्षा कमी-जास्त दिसला तर ओळ लावायची नाही, माणसाला दाखवायची. लागलेल्यांचा कागदही दर महिन्याला छापायचा. ते सगळं आजही तसंच चालतं म्हणतात.

देविदासही सोमवारी आला. नवी कोरी वही घेऊन आला. दुपारी बँकेतून परतल्यावर त्यानं ती उद्धवरावांपुढं ठेवली. तारीख, रक्कम, शिक्क्याचा तुकडा चिकटवलेला.

"सही करा."

"अरे, आपल्यात..."

"करा," देविदास म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं उद्धवरावांना वाटलं.

त्यानंतर रोज. भरणा झाला की वही, वहीत सही. बोलणं होत होतं, हसणंही होत होतं, देविदासच्या पोरीच्या लग्नाला उद्धवराव बायकोसकट तांड्यावर जेवूनही आले. डबा मात्र पुन्हा एकत्र उघडला नाही. चार वर्षांत तीन वह्या भरल्या.

दोन हजार आठच्या मेमध्ये उद्धवराव निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं आटोपली. ते टेबल आवरत होते तेव्हा देविदास वही घेऊन आला.

"आज तर भरणा न्हाई ना? रोकडच कुठं आली," उद्धवराव म्हणाले.

"न्हाई आली." देविदासनं वही उघडली. तारीख लिहिलेली होती, रकमेच्या रकान्यात शून्य. "पन पान कोरं सोडलं तर उद्या कुनी काही लिवंल."

उद्धवरावांनी खणातून लाल पेन्सील काढली, पण पेन्सिलीची सही चालत नाही, हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी खिशातलं पेन घेतलं आणि शून्यासमोर सही केली.