प्रत्येक फ्रेमला पाच पिक्सेल

ऑफिसात तिला सगळे खुटखुटबाई म्हणत, कारण तिचा कीबोर्ड जिन्यापर्यंत ऐकू यायचा. बारा वर्षं वेबसाइट बनवत होती आणि भित्री इतकी, की घराचं कुलूप तीनदा ओढून बघायची. क्रेन चालवणाऱ्यांचा हात किती चपळ आहे हे बघणारी चाचणी तिनेच बनवली होती, ती मात्र तिने एकदाच तपासली, तीही स्वतःच्या स्क्रीनवर. माणसाचं नशीब बघा!

चाचणी साधी होती. पडद्यावर ओझं सरकतं, लाल रेघेआधी बटण दाबायचं. तिने requestAnimationFrame वापरलं होतं, म्हणजे पडद्यावर नवं चित्र, नवी फ्रेम, उमटताना ब्राउझर चालवतो तो कोड, आणि प्रत्येक फ्रेमला ओझं पाच पिक्सेल पुढे ढकललं होतं.

सोमवारी क्रेन कंपनीचा फोन आला. हेड ऑफिसात नवे मॉनिटर बसवले आणि चांगले चांगले ऑपरेटर धडाधड नापास होऊ लागले. तिला लगेच उमगलं. ते मॉनिटर सेकंदाला एकशेवीस फ्रेम दाखवतात, तिचा साठ. तिथे ओझं दुप्पट वेगाने पळत होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. ब्राउझर प्रत्येक फ्रेमला वेळ हातात देतोच. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते काढायचं आणि त्याला सेकंदाच्या वेगाने गुणायचं. मग फ्रेम कितीही असोत, ओझं एका सेकंदात तेवढंच सरकतं. तिने सुस्कारा सोडला.

आणि तिथेच तिला दुसरा प्रश्न सुचला. साठपेक्षा कमी फ्रेम असतील तर?

कंपनीच्या एका बांधकामावर हीच चाचणी टॅब्लेटवर घेत. तिथल्या इंजिनिअरला तिने फोन केला. "तुमचा टॅब्लेट बॅटरी वाचवायच्या मोडवर असतो का हो?"

"कायम! इथे चार्जिंग कुठंय मॅडम?"

म्हणजे तीस फ्रेम. म्हणजे निम्मा वेग. त्या टॅब्लेटवर आठ जण पास झाले होते. तिने यादी उघडली. पाचवं नाव दादाचं होतं, तिच्या सख्ख्या भावाचं. तो या क्षणी वर क्रेनच्या केबिनमध्ये होता आणि खाली माणसं काम करत होती.

तिने आठही जणांना काम थांबवायला लावलं आणि दुरुस्त केलेली चाचणी लॅपटॉपवर घेऊन तडक बांधकामावर गेली.

दादा कुरकुरत उतरला. "काय गं, आग लागली का कुठे?"

"काही विचारू नकोस. बटण दाब."

पहिल्यांदा ओझं रेघ ओलांडून गेलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने दात-ओठ खाल्ले, तरी बोट उशिराच आलं. तिला रडू फुटलं. "दादा, चूक माझी आहे रे. तेव्हा टॅब्लेटवर ओझं हळू पळत होतं."

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"वर्षभर वाटतंय, हात मागे पडतोय," तो हळूच म्हणाला. "भीती वाटायची गं, खालची माणसं बघून. मी तर सोडणारच होतो. पण तुझ्या चाचणीत पास झालो, म्हटलं, उगाच माझ्या मनाचे खेळ."