न जाणवलेले ठोके

माझ्या छातीत मधूनच एक ठोका चुकतो आणि पुढचा धाडकन येतो. शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हापासूनचं हे. नवऱ्याच्या मते ते नाटक. आमचं वर्ध्यात भांड्यांचं दुकान आहे, तिथे गिऱ्हाइकांसमोरही ते म्हणत, "मास्तरीणबाईच्या काळजालेबी सुट्टी लागते."

निवृत्तीनंतर ठोके जास्त चुकायला लागले, म्हणून आम्ही हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ईसीजी काढला, इको केला, एक दिवस छातीला ठोके मोजायचं यंत्रही लावलं. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून एखादा ठोका वेळेआधीच उठतो, म्हणाल्या. तोवर कप्पा पुरता भरलेला नसतो, म्हणून नाडीला तो जाणवत नाही. मग जरा उसंत मिळते आणि पुढचा ठोका जास्त रक्त ढकलतो, तो धाडकन लागतो. माझे असे ठोके थोडे होते, हृदय धडधाकट होतं, कधी चक्कर नाही, घरात कुणी अचानक गेलेलं नाही. "काकू, हे निरुपद्रवी आहे. घाबरू नका."

मी सुटकेचा श्वास टाकला आणि यांना चेव आला. "बाई, आता माह्याबी ईसीजी काढा. म्हंजे जोडी होते."

काढला. दर तिसरा ठोका वेळेआधीचा. त्यांना मात्र काहीच जाणवत नव्हतं. शिडी चढताना दम लागायचा, तो त्यांनी वयाच्या खाती टाकला होता. बाईंनी लगेच इकोही केला. डावा कप्पा थोडा मोठा झाला होता आणि त्याचं आकुंचन कमी पडत होतं. मी तेव्हा यांच्याकडे पाहिलं नाही.

आता ते यंत्र यांच्या छातीवर लागलं. आमच्या बाजारात वजनमापाचा साहेब यायचा असला की लोक तराजू पुसून ठेवतात. यांनी यंत्रालाही तसाच साहेब मानलं. दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा सदरा घातला, चहा नाही, तंबाखूचा खर्रा नाही, दिवसभर पंख्याखाली पडून राहिले. रिपोर्टात चुकार ठोके अगदी कमी निघाले. हे खूश झाले.

"काका, हे इकोशी जुळत नाही. त्या दिवशी काय काय केलं?" बाईंनी विचारलं.

"काईच नाई. आराम केला."

मी सगळं सांगून टाकलं. हे माझ्यावर भडकले, "तुले काऊन मधात बोला लागते?" पण बाईंनी यंत्र पुन्हा लावायला लावलं, या वेळी दुकानात. हे शिडीवर चढले, पाण्याचे पितळी गुंड खाली काढले, एका वधुपित्याशी लग्नाच्या भांड्यांच्या भावावरून तासभर घासाघीस केली. त्या दिवशी चारातला एक ठोका चुकार निघाला.

अँजिओग्राफी स्वच्छ आली, एमआरआयमध्येही हृदयावर व्रण दिसला नाही. तरी पेच राहिलाच. या ठोक्यांनी हृदय थकवलं, की थकलेलं हृदय असे ठोके टाकतंय? पहिलं असेल तर ठोके थांबले की हृदय सावरेल. दुसरं असेल तर फारसं सावरणार नाही. "ठोके बंद करून बघायचं, मगच कळेल," बाई म्हणाल्या. आयुष्यभर मुलांना प्रयोग शिकवले. हा प्रयोग मला मुळीच आवडला नाही.

गोळ्यांनी ठोके फारसे हटले नाहीत. नागपूरला जांघेतल्या शिरेतून तार घालून, हृदयात ठोके जिथून उठत होते तो ठिपका जाळला. परत आल्यावर मी रोज यांचं मनगट धरायची. नाडी आता सरळ होती, पण नाडीवरून हृदयाचा जोर कळत नाही; त्यासाठीचा इको काही महिन्यांनी होणार होता. त्या महिन्यांत मी वाईट वागले. कुकरच्या शिट्टीवरूनही भांडले, कारण भीती वाटते असं म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती.

मग पुन्हा इको. बाई पडद्यावर मापं घेत होत्या. खुर्चीवर बसल्या बसल्या माझा एक ठोका चुकला, मग आणखी एक, आणि पुढचा धाडकन आला. हे कुशीवर पडले होते, भिंतीकडे तोंड करून.

"काका, कप्पा पूर्वीसारखा झालाय. आकुंचन नॉर्मल."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाहेर बाकावर चपला घालताना त्यांनी माझं मनगट धरलं. असं त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं. बराच वेळ धरून बसले.

"चुकला," ते म्हणाले. "तुह्या ह्या नाटकापायी मी वाचलो."