सीलबंद पाकीट

हॉटेलच्या लाँड्रीत आठ तास चादरींना इस्त्री करून आलेली बाई घरी येऊन पुन्हा टेबलाशीच बसली. वकिलांची पहिली भेट पुढच्या मंगळवारी होती. नणंद शेजारी वही घेऊन बसली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, तारखांच्या बाबतीत फार काटेकोर.

"वहिनी, आधी सगळं क्रमाने. या देशात कधी आलात, कुठल्या परवान्यावर, काम कधी बदललं. मधे खंड असला तर तोही लिहायचा. वकिलापासून लपवलं तर आपणच तोंडावर पडू."

नऊ वर्षं दीड पानात मावली. पासपोर्ट, जुने परवाने, पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार अशा चळती टेबलावर लागल्या. प्रश्नही लिहून झाले. पहिलाच होता, मायदेशी राहिलेल्या मुलीला इकडे कधी आणता येईल? बाईचे पाय दुखत होते, पण हा प्रश्न तिने दोनदा अधोरेखित केला.

"परवान्याच्या मुदतवाढीचं उत्तर अजून आलं नाही ना?" नणंदेने विचारलं.

"आलंय की," नवरा सोफ्यावरून म्हणाला आणि कपाटातून पाकीट काढून आणलं. कुरियरचा ड्रायव्हर तो. पंधरा वर्षं लोकांची पाकिटं न उघडता पोचवली, त्याचाच त्याला अभिमान. "सरकारी कागद आहे, म्हणून हात लावला नाही. म्हटलं, वकिलांसमोरच उघडू. पुरावा राहील."

नणंदेने पाकीट फाडलं. मुदतवाढ नाकारली होती. फेरविचाराचा अर्ज पत्र मिळाल्यापासून एकवीस दिवसांत करायचा होता. नवऱ्याने पाकीट घेतल्याला आज अठरावा दिवस होता.

नणंदेने लगेच वकिलांच्या कार्यालयात फोन लावला आणि मुदतीचं सांगितलं. "उद्या नऊला या," तिथली सहायक म्हणाली. "पाकीटही आणा, फेकू नका. पत्र मिळाल्याची तारीख आम्हाला लागेल."

फोन ठेवल्यावर बाई हळूच म्हणाली, "आजच मिळालं असं लिहिलं तर?"

"रजिस्टर पत्र आहे वहिनी. पोचपावतीवर दादाची सही असणार."

नवऱ्याने मान खाली घातली. मग स्वतःच पेन घेऊन वहीतल्या शेवटच्या ओळीत खरी तारीख लिहिली आणि पुढे, 'मी घेतलं, उघडलं नाही.' म्हणाला, "उद्या मीही येतो. मीच सांगतो त्यांना."

भांडायचंही तिच्यात त्राण नव्हतं. तिने फक्त विचारलं, "आणखी काही बंद ठेवलंय का तुम्ही?"

"नाही गं. शपथ."

एकोणीस वर्षं तिने त्याच्या शब्दावर घर चालवलं होतं. ती उठली, आणि कपाटातला एकेक खण काढून पलंगावर उलटा करू लागली.